‘मेहनती’ म्हणजे नेमकं काय केलं?

लिंक्डइनवर नोटिफिकेशन येतं : तुमच्या टीममधल्या अमुक एकाला आज कंपनीत एक वर्ष पूर्ण झालं. खाली अभिनंदनाचं तयार वाक्यही असतं, फक्त बोट टेकवायचं. जरा जास्त आपुलकी असेल तर आपण चार ओळी लिहितो, ‘मेहनती, हसतमुख, टीमचा आधारस्तंभ, असाच पुढे जात राहा!’ आता एक गंमत करून बघा. या ओळींतलं नाव खोडा आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव टाका. पोस्ट जशीच्या तशी चालते ना? मग ती त्या माणसाबद्दल नव्हतीच.

इंटर्नशिप किंवा पहिली नोकरी करताना अशी पोस्ट लिहायची वेळ तुमच्यावर हमखास येते. तेव्हा विशेषणं शोधू नका, पुरावे शोधा. वर्षभराचं काम कुणालाच आठवत नाही, शेवटचे दोन महिने तेवढे आठवतात. म्हणून आधी ऑफिसच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव सर्च करा, जुने मेल आणि शेअर केलेल्या फायली चाळा. मग टीममधल्या दोघांना एकच प्रश्न विचारा : ‘तो नसता तर कुठलं काम अडलं असतं?’ ‘तो कसा आहे?’ असं विचारलंत, तर पुन्हा विशेषणंच हाती येतील.

मिळालेल्या गोष्टी मांडायच्या कशा? अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेने फीडबॅक देण्यासाठी एक साधी पद्धत रुजवली आहे : परिस्थिती, कृती, परिणाम. म्हणजे प्रसंग कोणता होता, त्या माणसाने काय केलं आणि त्यामुळे काय बदललं. पोस्टलाही ती चपखल बसते.

समजा, वर्तमानपत्राच्या डेस्कवर पानं लावणारा एक दादा ऑगस्ट २०२४ मध्ये रुजू झाला आणि वर्षपूर्तीला त्याच्यावर लिहायचंय. पहिला मसुदा असा येतो : ‘दादा डेडलाइनला कधीच घाबरत नाही, निवडणुकीच्या वेळी तर त्याने कमाल केली.’ कमाल म्हणजे काय? विचारल्यावर कळतं की २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल होता. २८८ मतदारसंघांचा तक्ता त्याच रात्री पानावर जायचा होता. दादाने आदल्या दिवशीच जिल्हावार रिकामा तक्ता लावून ठेवला, मतदारसंघांची नावं तपासून घेतली. निकालाच्या रात्री विजयी उमेदवार, पक्ष आणि मताधिक्य एवढंच भरायचं उरलं.

आता पोस्ट अशी होते :

‘दादा, निकालाच्या रात्री २८८ जागांचा तक्ता बघून आम्हाला घाम फुटला असता. पण तू तो आदल्या दिवशीच लावून ठेवला होतास, त्यामुळे आम्हाला फक्त आकडे भरायचे होते. उमेदवारांच्या नावांची तू केलेली एकसारख्या शुद्धलेखनाची यादी आजही डेस्कवर प्रत्येक जण उघडतो. वर्षपूर्तीच्या शुभेच्छा!’

इथे ‘मेहनती’ हा शब्द कुठेच नाही, तरी तो वाचणाऱ्याला कळतो. आणि हे दुसऱ्या कुणाच्या नावावर खपणार नाही. दोनच गोष्टी घेतल्या आहेत, हेही बघा. सात-आठ घेतल्या तर पोस्टचा बायोडाटा होतो. सगळ्यात ठोस गोष्ट पहिल्याच वाक्यात हवी, कारण फीडमध्ये सुरुवातीच्या ओळीच दिसतात, बाकीचं क्लिक केल्यावर.

नेमकं लिहिताना घसरायच्या जागाही आहेत. ‘त्याच्यामुळे चुका निम्म्या झाल्या’ असं लिहायचा मोह होतो. कुणी मोजल्या होत्या का? नसतील, तर ‘यादी आजही उघडतो’ असं डोळ्यांना दिसणारं लिहा. तक्त्यातली नावं दुसऱ्या कुणी तपासली असतील, तर त्याचंही नाव घ्या, नाहीतर एकाला खूश करताना दुसरा दुखावतो. ‘दादा येण्याआधी आमची नावं नेहमी चुकायची’ हे वाक्य खरं असलं, तरी ते ऑफिसची लक्तरं चव्हाट्यावर मांडतं. ते चहाच्या टपरीवर बोला. ‘आजारी असूनही आला’ हे तर टाळाच. त्याच्या तब्येतीची गोष्ट सांगायचा हक्क त्याचा आहे, आणि नव्या मुलांना वाटतं की इथे सुट्टी घेणं म्हणजे गुन्हा.

शेवटी, पोस्ट टाकण्याआधी मसुदा त्या माणसाला दाखवा. क्लायंटचं नाव किंवा अजून जाहीर न झालेलं काम त्यात असेल, तर त्याच्या लगेच लक्षात येईल. सरप्राइज जाईल, हे खरं. पण कधी कधी तो म्हणेल, ‘अरे, तक्त्याचं राहू दे, त्या यादीचं लिही. त्यावर मी तीन आठवडे घालवलेत.’ तसं झालं, तर त्या यादीलाच पहिली ओळ द्या.