पट्ट्यावरचा चाळीस मीटरचा डोंगर

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये नाव नोंदवलं की मुंबईकराला पहिला प्रश्न पडतो तो चढाचा. ही शर्यत यवतेश्वरचा घाट चढत कासच्या दिशेने जाते आणि त्याच रस्त्याने खाली येते. दादर-माटुंग्याच्या माणसाला सरावाला फार तर उड्डाणपूल मिळतो. उरते सोसायटीच्या जिममधली ट्रेडमिल. तिच्यावर बहुतेक जण इनक्लाइन वाढवतात, दम लागेपर्यंत धावतात आणि उतरतात. किती उंची चढलो, हे विचारलं तर सांगता येत नाही. मनगटावरचं घड्याळही शून्यच दाखवतं, कारण आपण जागचे हललेलोच नसतो. पट्टा मात्र सतत खाली सरकत असतो आणि तेवढंच वर जायची मेहनत पायांना करावी लागते. ती मोजता येते.

समजा, प्रत्येक फेरीत ४० मीटर चढायचे आहेत. ८ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. म्हणजे ४० मीटरसाठी पट्टा ५०० मीटर धावायला हवा. काटेकोरपणे पाहिलं तर पट्ट्याचं अंतर तिरकं असतं, पण त्यामुळे ४० मीटरमागे पडणारा फरक वीतभरही नाही. ताशी ९ किलोमीटर वेग ठेवला तर मिनिटाला १५० मीटर होतात आणि फेरी ३ मिनिटं २० सेकंदांत संपते. तोंडी हिशेबाला सोपी युक्ती अशी: ताशी किलोमीटरला चढाच्या टक्क्यांनी गुणा आणि ६ने भागा. मिनिटाला किती मीटर उंची चढता, ते मिळतं. नवआठे बहात्तर, भागिले सहा, बारा मीटर.

बहात्तर हा गुणाकार ७.२ वेग आणि १० टक्के चढ घेऊनही येतो. उंची तीच, वेळही तीच, पण मेहनत तीच नाही. वर चढण्याचा खर्च दोन्हीकडे सारखा असला तरी पुढे धावण्याचा खर्च वेगाबरोबर कमी होतो. ऑक्सिजनच्या वापराचं जे समीकरण व्यायामशास्त्रात सर्रास वापरतात, त्यानुसार ९ वेगाने ८ टक्के चढणं हे सपाटीवर ताशी सुमारे १२ किलोमीटर धावण्याइतकं पडतं. दुसरी जोडी सुमारे १०वर येते. म्हणून मी आधी फेरीची उंची ठरवतो, मग शर्यतीतल्या रस्त्यासारखा चढ, आणि वेग सगळ्यात शेवटी. सहाव्या फेरीतही टिकेल तोच वेग खरा.

खरी चोरी होते ती सुरुवातीला. बटण दाबल्याबरोबर पट्टा वर जात नाही. शून्यावरून ८ टक्क्यांवर यायला ३० सेकंद लागले तर तेवढ्यात ७५ मीटर धावून होतात, पण सरासरी चढ चारच टक्के मिळतो. सहाऐवजी तीन मीटर. म्हणून आधी चढ पूर्ण येऊ द्यायचा, तोवर चालायचं, वेग वाढवायचा आणि तेव्हाचा अंतराचा आकडा लक्षात ठेवून पुढचे ५०० मीटर मोजायचे. हँडल धरलंत तर ती फेरी बाद समजा: आकडा ४० मीटरचाच येतो, पण मेहनत पाय पुरती करत नाहीत.

आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. आमच्या जिममधल्या यंत्रावर ‘८’ लिहिलेलं येतं, ते टक्के असावेत असं मी दोन महिने धरून चाललो होतो. ती नुसती पायरी निघाली. तपासायला शिवणकामाची टेप पुरते. यंत्र ८वर नेऊन पट्टा थांबवा. पट्ट्याशेजारच्या कडेवर १०० सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करा आणि दोन्हींची जमिनीपासूनची उंची मोजा. फरक जितके सेंटीमीटर, तितके टक्के. आमच्याकडे तो साडेपाच भरला. म्हणजे ज्याला मी ४० मीटर समजत होतो, ते साडेसत्तावीस होते. हेच माप शून्यावरही घ्या, कारण काही यंत्रं शून्यावरही सपाट नसतात. जमीन मात्र सपाट हवी.

वेगासाठी पट्ट्याच्या कडेला खडूची रेघ मारा. पट्ट्याची पूर्ण लांबी ३ मीटर असेल, तर ताशी ९ वेगाला ती रेघ मिनिटात ५० वेळा दिसायला हवी. मोजायचं दुसऱ्याने, तुम्ही वर धावत असताना, कारण वजन पडलं की काही पट्टे मंदावतात.

एवढं करूनही साताऱ्याची अर्धीच तयारी होते. बहुतेक ट्रेडमिल उतार देत नाहीत आणि घाट उतरताना मांड्यांवर जो मार बसतो, तो चढण्याच्या सरावात येतच नाही. त्यासाठी शर्यतीआधी दोन-तीन रविवार खऱ्या घाटात जा.