एक लाख सॅट्स आहेत, तरी वीस हजार येत नाहीत?

नवा लाइटनिंग चॅनल उघडलात, त्यात १,००,००० सॅट्स टाकले. मित्राने २०,००० पाठवले की ‘रूट सापडला नाही’. पैसे बुडत नाहीत, त्याच्याकडेच परततात. (मी मात्र उगाच नेटवर्कला शिव्या घातल्या होत्या!)

चॅनल म्हणजे तारेत ओवलेले मणी. सगळे मणी तुमच्याच टोकाला असतील, तर समोरचा तुमच्याकडे काय सरकवणार? आधी त्याच चॅनलमधून ३०,००० खर्च करा. समोरच्याला चॅनलच्या एकूण रकमेच्या साधारण १% सॅट्स राखीव ठेवावे लागतात, म्हणून आता सुमारे २९,००० येऊ शकतील.

खर्च करायचा नसेल, तर लिक्विडिटी पुरवणाऱ्याकडून तुमच्या दिशेने चॅनल विकत घ्या. पाठवतानाच अडत असेल, तर रक्कम थोडी कमी करा किंवा फीची मर्यादा वाढवून पाहा.