सर्व्हरच्या पहारेकऱ्याने ॲडमिनलाच बाहेर ठेवलं तर? ‘फेल-टू-बॅन’ची बंदी सुरक्षितपणे कशी उठवायची

पासवर्ड बरोबर आहे, सर्व्हर चालू आहे, त्यावरची वेबसाइटही नेहमीसारखी उघडते आहे. पण सर्व्हरची देखभाल करणाऱ्या ॲडमिनने लॉगिन करायचा प्रयत्न केला की क्षणार्धात समोर एकच ओळ येते: `Connection refused`. सर्व्हर हॅक झाला का, अशी शंका येते आणि घाईघाईने फायरवॉल बंद करण्यापर्यंत मजल जाते.

अनेकदा कारण साधं असतं. सर्व्हरवर बसवलेल्या पहारेकऱ्याने ॲडमिनलाच चोर समजून बाहेर ठेवलेलं असतं. हा पहारेकरी कसा विचार करतो आणि सर्व्हर उघडा न टाकता पुन्हा आत कसं शिरायचं, हे समजून घेऊ.

फेल-टू-बॅन नेमकं काय करतं?

इंटरनेटवर असलेल्या जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरच्या दारावर अनोळखी संगणक सतत पासवर्ड आजमावत असतात. एकामागून एक पासवर्ड टाकून बघायच्या या पद्धतीला ‘ब्रूट फोर्स’ म्हणतात. तिला आळा घालणाऱ्या साधनांपैकी फेल-टू-बॅन हे बरंच वापरलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे.

त्याचं काम सरळ आहे. सर्व्हरची लॉग, म्हणजे नोंदवही, ते सतत वाचत असतं. एकाच आयपी पत्त्यावरून ठरावीक वेळात ठरावीक वेळा चुकीचं लॉगिन झालं, की ते फायरवॉलमध्ये त्या पत्त्याविरुद्ध नियम टाकतं. मूळ सेटिंगमध्ये 10 मिनिटांत 5 चुका झाल्या की 10 मिनिटांची बंदी येते. डेबियन आणि उबंटूवर हे सॉफ्टवेअर बसवलं की एसएसएच लॉगिनवरचा पहारा आपोआप सुरू होतो. त्यामुळे आधीच्या कुणी ते बसवून ठेवलं असेल, तर नव्या ॲडमिनला त्याचा पत्ताही नसतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: बंदी माणसावर नसते, आयपी पत्त्यावर असते. सर्व्हरचा मालक कोण, हे फेल-टू-बॅनला कळत नाही. त्याला फक्त पत्ता आणि चुकांची संख्या दिसते.

ही बंदीच आहे, हे कसं ओळखायचं?

स्क्रीनवरचा संदेश नीट वाचला तर निम्मं निदान तिथेच होतं. `Permission denied` आलं, तर सर्व्हरपर्यंत पोहोचता येतंय, फक्त पासवर्ड किंवा की चुकते आहे. म्हणजे बंदी अजून आलेली नाही आणि इथेच थांबणं शहाणपणाचं, कारण पुढचा प्रत्येक अंदाज मोजला जातो.

`Connection refused` लगेच आलं, तर बंदीची शक्यता मोठी, कारण मूळ सेटिंगमध्ये फेल-टू-बॅन बंदी घातलेल्या पत्त्याला गप्प न राहता स्पष्ट नकार पाठवतं. बराच वेळ काहीच न होता `Connection timed out` आलं, तर बहुधा क्लाउड कंपनीची फायरवॉल किंवा नेटवर्क आडवं येतंय.

एसएसएचची सेवा बंद पडली असेल तरीही `Connection refused` येतं. फरक ओळखायला दुसऱ्या जोडणीवरून, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, एकदा प्रयत्न करावा. तिथून पासवर्ड विचारला गेला, तर सेवा चालू आहे आणि अडवणूक फक्त पहिल्या पत्त्याची आहे.

आधीपासून उघडी असलेली एसएसएच खिडकीही अशा वेळी गोठते. फायरवॉलचा नियम नव्या जोडणीसोबत चालू जोडणीलाही लागू होतो, म्हणून ‘एक खिडकी उघडी ठेवली आहे’ या भरवशावर राहता येत नाही.

एक उदाहरण: पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद

समजा, नाशिकमधल्या एका छोट्या कार्यालयात आठ जण काम करतात. सगळ्यांचं इंटरनेट एकाच ब्रॉडबँडवरून येतं, त्यामुळे बाहेरच्या जगाला आठही संगणक `203.0.113.45` या एकाच पत्त्याने दिसतात. शुक्रवारी संध्याकाळी ॲडमिनने सर्व्हरवरच्या `accounts` या खात्याचा पासवर्ड बदलला.

सोमवारी सकाळी हिशेबाच्या टेबलावरचा संगणक सुरू झाला. त्यावर दर मिनिटाला सर्व्हरवर फाइल पाठवणारा एक प्रोग्राम होता आणि त्यात जुनाच पासवर्ड साठवलेला होता. पाच मिनिटांत पाच चुका झाल्या आणि पूर्ण कार्यालयाचा पत्ता बंद झाला.

दहा मिनिटांनी बंदी आपोआप उठली. पण प्रोग्राम थांबलेला नव्हता, त्यामुळे पुढच्या पाच मिनिटांत ती पुन्हा आली. ॲडमिनला दिसलं ते एवढंच: लॉगिन थोडा वेळ चालतं, मग बंद पडतं, मग पुन्हा चालतं. असं ठरावीक तालावर होत असेल, तर चूक माणूस नव्हे, एखादं यंत्र करतं आहे असं समजावं.

म्हणून बंदी उठवण्याआधी चुकांचा उगम बंद करायला हवा. तो चालू ठेवून बंदी उठवली, तर ती काही मिनिटांत परत येते. तोच संगणक ॲडमिनच्या हॉटस्पॉटला जोडला गेला, तर तो पत्ताही बंद होतो.

पुन्हा आत शिरण्याचे मार्ग कोणते?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वाट पाहणं. बंदी 10 मिनिटांची असेल, तर हातातला प्रयत्न थांबवून चहा घेऊन यावा. मात्र काही सर्व्हरवर बंदी एक दिवसाची ठेवलेली असते, किंवा प्रत्येक वेळी ती दुप्पट होत जाईल अशी सोय चालू केलेली असते.

दुसरा मार्ग हॉटस्पॉटचा. पत्ता बदलला की दार उघडं मिळतं. पण इथे बरोबर खातं आणि बरोबर पासवर्ड हाताशी घेऊनच जावं. अंदाज मारत बसलं तर दुसरं दारही बंद होईल.

तिसरा मार्ग क्लाउड किंवा होस्टिंग कंपनीच्या संकेतस्थळावरच्या कन्सोलचा. तो नेटवर्कवरून नव्हे, तर सर्व्हरला थेट पडदा आणि कीबोर्ड जोडल्यासारखा चालतो, त्यामुळे एसएसएचवरची बंदी त्याला अडवत नाही. अडचण एकच: तिथे सहसा पासवर्ड लागतो आणि फक्त कीने लॉगिन करायची सवय असलेल्या अनेकांनी सर्व्हरवर पासवर्ड ठेवलेलाच नसतो. तो आधीच ठेवून, कन्सोलमधून एकदा लॉगिन करून पाहिलेलं बरं.

आत गेल्यावर बंदी लगेच का उठवू नये?

आधी पहारेकऱ्याने काय पाहिलं, ते वाचायला हवं. कोणाकोणावर बंदी आहे, हे पहिल्या आदेशाने कळतं आणि आपल्या पत्त्यावरून काय घडलं, हे दुसऱ्याने:

```
sudo fail2ban-client status sshd
sudo journalctl -u ssh --since today | grep 203.0.113.45
```

बंदीच्या यादीत आपला पत्ता दिसत नसेल, तर आयपीव्ही6 पत्ताही तपासावा. अनेकदा जोडणी त्यावरून झालेली असते.

नाशिकच्या उदाहरणात नोंदवहीत `Failed password for accounts` हीच ओळ दर मिनिटाला दिसेल. खातं आपलं, वेळा नियमित, म्हणजे कारण सापडलं. पण त्याच पत्त्यावरून `admin`, `test`, `oracle` अशी कार्यालयात नसलेली नावं आजमावली गेली असतील, तर गोष्ट वेगळी आहे. कार्यालयातल्या एखाद्या संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरलेलं असू शकतं आणि फेल-टू-बॅनने आपलं काम चोख केलेलं आहे. अशा वेळी बंदी उठवणं म्हणजे चोराला किल्ली देणं. आधी तो संगणक नेटवर्कपासून वेगळा करावा.

नोंदी आपल्याच आहेत अशी खात्री झाली, की फक्त तो एक पत्ता मोकळा करावा:

```
sudo fail2ban-client set sshd unbanip 203.0.113.45
```

उत्तरात `1` आलं तर बंदी उठली. `0` आलं तर त्या पहाऱ्यात हा पत्ता नव्हताच. मग `recidive` नावाचा पहारा चालू आहे का, ते बघावं. वारंवार बंदी ओढवून घेणाऱ्यांना तो मूळ सेटिंगमध्ये आठवडाभर सगळ्याच सेवांपासून दूर ठेवतो. कार्यालयातून वेबसाइटही उघडत नसेल, तर ही त्याची खूण. तिथली बंदी उठवताना आदेशात `sshd`च्या जागी `recidive` लिहावं लागतं.

घाईत काय करू नये?

फायरवॉलचे सगळे नियम पुसणारा `iptables -F` हा आदेश अशा वेळी हमखास सुचवला जातो. ज्या सर्व्हरवर ‘परवानगी नसलेलं सगळं अडवा’ असं मूळ धोरण आहे, तिथे नियम पुसले की परवानग्याही जातात आणि सगळ्यांनाच दार बंद होतं. धोरण उलट असेल, तर सर्व्हर सगळ्यांना उघडा पडतो.

फेल-टू-बॅन पुन्हा सुरू केल्यानेही बंदी जात नाही. बंद्यांची यादी ते स्वतःच्या डेटाबेसमध्ये जपतं आणि उरलेल्या वेळेसाठी पुन्हा लागू करतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून?

कार्यालयाचा आयपी पत्ता कायमचा असेल, तर तो सवलतीच्या यादीत टाकता येतो. त्यासाठी `/etc/fail2ban/jail.local` ही फाइल वापरावी. `jail.conf`मध्ये केलेले बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसले जाऊ शकतात.

```
[DEFAULT]
ignoreip = 127.0.0.1/8 ::1 203.0.113.45
```

यानंतर `sudo fail2ban-client -t` चालवून फाइलमध्ये चूक नाही ना ते बघावं आणि मग `sudo fail2ban-client reload` द्यावं. सवलत पुढच्या चुकांसाठी असते. आधीची बंदी तिने उठत नाही.

या सवलतीला मर्यादा आहेत. मोबाइल नेटवर्कवर आणि अनेक ब्रॉडबँड सेवांवर एकच पत्ता कित्येक ग्राहक एकाच वेळी वापरतात, किंवा तो काही दिवसांनी बदलतो. असा पत्ता यादीत टाकला, तर उद्या ती सवलत भलत्याच कुणाला मिळते. तिथे यादीच्या वाटेला न जाता बंदीची मुदत कमी ठेवणं आणि कन्सोलचा मार्ग तयार ठेवणं जास्त सुरक्षित.

सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे पासवर्डऐवजी की वापरणं आणि पासवर्डने होणारं एसएसएच लॉगिन बंद करणं. नाशिकच्या कार्यालयात फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामला स्वतःची की दिली असती, तर शुक्रवारच्या पासवर्डबदलाचा त्याच्यावर काही परिणाम झाला नसता. हा बदल करताना मात्र चालू खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून कीने लॉगिन होतं का, ते पाहावं. ते झाल्यावरच पहिली खिडकी बंद करावी.