प्रत्यय कापला की नाव मिळते?

जुन्या बातम्यांची सूची करायला बसलेला नवा माणूस पहिल्याच दिवशी मला ऐकवतो, "मराठीत काय अवघड आहे? शेवटचा प्रत्यय कापायचा, मूळ नाव हातात." जालना जिल्ह्याची कात्रणे लावताना हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता वाद न घालता कागदावर 'जालन्यात' एवढा एकच शब्द लिहितो आणि म्हणतो, काप. 'त' गेला की उरते 'जालन्या'. या नावाचा जिल्हा नाही.

वस्तुस्थिती अशी की मराठीत प्रत्यय नावाला नेहमीच थेट लागत नाही. बहुधा आधी नावाचे सामान्यरूप होते आणि प्रत्यय त्याला लागतो. जालना–जालन्या–जालन्यात, मंठा–मंठ्या–मंठ्याहून. म्हणजे काम दोन पायऱ्यांचे आहे. प्रत्यय काढायचा आणि मग बदललेला शेवट पूर्ववत करायचा. दुसरी पायरी अवघड, कारण 'जालन्यात'मधून 'जालना' मिळतो, पण अगदी तशाच 'पुण्यात'मधून 'पुणे' मिळते. '-्या'च्या मागे 'आ' होता की 'ए', हे त्या शब्दात कुठेच लिहिलेले नसते. ते आधीच ठाऊक असावे लागते.

आणि कापाकापीचा उलटा फटका तर जिल्ह्याच्या नावालाच बसतो. 'ना' हा चतुर्थीचा अनेकवचनी प्रत्यय: पाटलांना, लोकांना. पायथनमध्ये लिहिलेली ही एक ओळ पाहा:

```
re.sub("(ला|ना|त|चा|ने)$", "", "जालना")
```

उत्तर येते 'जाल'. हीच ओळ 'वसंत'चा 'वसं' करते, 'कमला'चा 'कम' आणि 'माने' आडनावाचा 'मा'. प्रत्यय लागलाच नव्हता, तरी कापला गेला.

"पण आमची चाचणी तर बरोबर आली," असेही सांगतात. चाचणी कशावर घेतली ते विचारा. बहुतेकदा सरकारी कागदावर. तिथे 'जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्यात' किंवा 'परतूर येथील' असे लिहितात. प्रत्यय 'जिल्हा' आणि 'तालुका' या शब्दांना लागतो, 'येथील' सुटे राहते, आणि गावाचे नाव जसेच्या तसे दिसते. बातमीच्या मजकुरात मात्र 'मंठ्यातल्या', 'परतुरातून' येते. म्हणून 'जालना' शोधले की मथळे आणि पत्ते सापडतात, पण आतली बातमी निसटते. आपली सूची अशी अर्धी राहिली आहे का, हे पाहायचे असेल तर 'जालन्य' एवढी अक्षरे शोधून किती नव्या नोंदी येतात ते मोजा.

मी उलट्या बाजूने जातो. मजकुरातल्या शब्दाचे मूळ ओळखत बसण्यापेक्षा माहीत असलेल्या नावांची सगळी रूपे आधीच तयार करून ठेवतो आणि प्रत्येक रूपापुढे त्याचे मूळ नाव लिहितो. जिल्ह्याचे तालुके आठ. घनसावंगी सोपी, कारण तिचे रूप बदलत नाही: घनसावंगीत, घनसावंगीहून. अंबड आणि भोकरदनला '-ला', '-हून', '-मध्ये' सरळ लागतात. जालना, मंठा '-्या' घेतात. जाफ्राबादचे 'जाफ्राबादमध्ये' होते आणि 'जाफ्राबादेत'ही होते. परतूर, बदनापूर यांना दोन-दोन रूपे द्यावी लागतात: 'परतूरला'मध्ये ऊ दीर्घ राहतो, 'परतुरात' म्हटले की ह्रस्व होतो. साहित्य महामंडळाच्या 1962च्या लेखननियमांत दोन्ही गोष्टी आहेत. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ, आणि सामान्यरूप होताना उपान्त्य ई-ऊ ह्रस्व. तरी छापून 'परतूरात'ही येते, म्हणून यादीत ते चुकीचे रूपही घालतो. आपण शोधतोय ते छापलेले, शुद्ध असो वा नसो.

यानेही सगळे सुटत नाही. 'कदीम जालना पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल' या वाक्यात यादी ठाणे शहर शोधून देते! इथे मागचा शब्द पाहावाच लागतो. 'पोलीस' असेल तर शहर नाही.

आता बाकीचे गैरसमज. शब्दयोगी अव्यये सुटी असतात? नाही, 'जालन्यापासून', 'जालन्याजवळ' जोडूनच लिहितात. एका नावाला एकच प्रत्यय? 'जालन्यातल्यांनाही' सोडवून दाखवा. माणसांच्या नावांना सामान्यरूप नसते? 'वसंतने' आणि 'वसंताने' दोन्ही छापले जाते.

काही आडनावांत तर मूळचा स्वरच गळतो. 'पाटलांनी'मध्ये 'पाटील'चा 'ई' उरलेला नाही, आणि अनुस्वार आदराचा की अनेक पाटलांचा, ते पुढच्या वाक्यावरून ठरते. जुन्या अंकांत 'शिंद्यांनी' असते, नव्यांत 'शिंदेंनी'. मी दोन्ही एकाच नोंदीखाली लावतो आणि शेजारच्या रकान्यात छापलेले रूप तसेच ठेवतो, म्हणजे जोडणी चुकली असेल तर पुढच्याला ती सोडवता येते.