हलका माल, जड भाडं

विमानाच्या पोटातली जागा आणि उचलता येणारं वजन, दोन्ही मर्यादित असतात. हलक्या पण अवजड आकाराच्या मालाने जागा आधी संपते. म्हणून हवाई मालवाहतुकीचं भाडं काट्यावरच्या वजनावरच ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागलं की ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन किलोत मिळतं. प्रत्यक्ष आणि व्हॉल्युमेट्रिक यांपैकी जे जास्त, ते चार्जेबल वेट. त्यातला अपूर्णांक पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वाढवतात. या हिशेबाने एक घनमीटर जागा म्हणजे सुमारे १६७ किलो.

समजा, दिवाळीसाठी मुंबईहून लंडनला तयार आकाशकंदील पाठवायचे आहेत. खोकी २०, प्रत्येक ६० × ५० × ४० सेंटिमीटर, वजन ७ किलो. काट्यावर सगळा माल १४० किलो भरतो. पण एका खोक्याचं आकारमान १,२०,००० घनसेंटिमीटर, म्हणजे २० किलो, एकूण ४००. किलोमागे २०० रुपये दर धरला, तर अपेक्षा २८,००० रुपयांची आणि बिल ८०,००० चं! कुरिअर कंपन्या बहुधा ५००० ने भागतात. तिथे हाच माल ४८० किलोंचा होतो.

माप घेतात ते खोक्याच्या सर्वांत फुगलेल्या जागी, आणि निर्यातदार फसतो तो बहुतेक वेळा इथेच. खोकं ठासून भरल्याने उंची ४० ची ४३ झाली, तर प्रत्येकी दीड किलो वाढतो. वीस खोक्यांवर ३० किलो, म्हणजे ६,००० रुपये. पॅलेटवर रचलेल्या मालाचं माप पॅलेटच्या लाकडासकट घेतलं जातं.

उपाय आकारातच शोधावा लागतो. कंदील घडीचे असतील आणि तोच माल याच मापाच्या आठ खोक्यांत मावला, तर चार्जेबल वेट १६० किलोंवर येतं. घडी होतच नसेल, तर सोबत जड माल जोडता येतो. एका एअरवे बिलावरच्या, एकाच दराने जाणाऱ्या मालाची तुलना साधारणपणे एकूण वजन आणि एकूण आकारमान यांच्यात होते. पितळी समयांची ४० × ३० × २० सेंटिमीटरची, २० किलोंची दहा खोकी काट्यावर २०० किलो, आकारमानाने फक्त ४०. वेगळी पाठवली तर कंदिलांचे ४०० आणि समयांचे २०० असे ६०० किलो आकारले जातील. एकत्र पाठवली तर प्रत्यक्ष वजन ३४०, व्हॉल्युमेट्रिक ४४०. भाडं ४४० वर. अनेकांचा माल एकत्र करणाऱ्या एजंटांचा नफा बऱ्याच अंशी याच फरकातून निघतो.

भाव विचारताना फॉरवर्डरला वजनाबरोबर खोक्यांची संख्या आणि बांधून झाल्यावरची बाहेरची मापं द्यावीत. नुसत्या किलोंवर घेतलेला भाव अशा मालाला उपयोगाचा नाही.