शेरा कोडवर, माणसावर नाही

कोड रिव्ह्यू म्हणजे एका प्रोग्रामरने लिहिलेला कोड मुख्य प्रकल्पात जाण्याआधी दुसऱ्या प्रोग्रामरने वाचून तपासणे. लिहिणारा आपला बदल ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणून मांडतो. तपासणारा तो वाचतो आणि जिथे काही खटकेल त्या ओळीखाली शेरा लिहितो. दुरुस्त्या झाल्या की मान्यता मिळते आणि बदल मर्ज होतो, म्हणजेच मुख्य कोडचा भाग बनतो. हे शेरे बहुधा एक-दोन ओळींचे असतात आणि कामाच्या घाईत लिहिले जातात. त्यामुळे दोष दाखवता दाखवता ते नकळत दोष करणाऱ्यावर घसरतात. तसे झाले की लिहिणारा कोडऐवजी स्वतःचा बचाव करू लागतो आणि मूळ दोष बाजूला राहतो.

हा धोका फार पूर्वीच ओळखला गेला होता. जेराल्ड वाइनबर्ग यांनी प्रोग्रामिंगच्या मानसशास्त्रावरील आपल्या पुस्तकात 1971 मध्येच मांडले होते, की जो प्रोग्रामर आपल्या प्रोग्रामला स्वतःचाच अंश मानतो, त्याला त्यातल्या चुका दिसत नाहीत. एकमेकांचे प्रोग्राम वाचण्याची सवय हा त्यांनी सुचवलेला उपाय होता. पुढे 1976 मध्ये आयबीएममधील मायकेल फेगन यांनी कोडच्या तपासणीची शिस्तबद्ध पद्धत प्रसिद्ध केली. तपासणीत सापडलेल्या चुका प्रोग्रामरच्या कामगिरीचे मोजमाप करण्यासाठी वापरू नयेत, असे त्यांनी त्यात स्पष्ट बजावले होते.

तरीही कडवट शेऱ्यांची सवय टिकून राहिली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या इमेलमधली भाषा यासाठी बरीच वर्षे गाजत होती. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी आपले हल्ले व्यावसायिक वर्तनाला धरून नव्हते हे जाहीरपणे मान्य केले, माफी मागितली आणि काही काळ कामातून रजा घेतली. त्याच सुमारास लिनक्स कर्नेल प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. गूगलने आपल्या प्रोग्रामरांसाठी तयार केलेली रिव्ह्यूची मार्गदर्शिका सर्वांसाठी खुली आहे. तिच्यातही शेरा कोडवर असावा, तो लिहिणाऱ्यावर नसावा, असे सांगितले आहे.

प्रत्यक्षात हे कसे करायचे, ते एका छोट्या उदाहरणावरून समजून घेता येते. शाळेच्या निकालासाठी वर्गाची सरासरी काढणारा पायथॉनमधला हा कोड रिव्ह्यूला आला आहे, असे समजू.

```python
def average(marks):
    total = 0
    for i in range(len(marks)):
        total = total + marks[i]
    return total / len(marks)
```

`marks` ही गुणांची यादी आहे. कोड एकेक गुण घेऊन बेरीज करतो आणि शेवटी गुणांच्या संख्येने भागतो. गुणांनी भरलेली यादी दिली तर उत्तर बरोबर येते. अडचण येते ती वेगळ्या परिस्थितीत. रागावलेल्या तपासनिसाचे तीन शेरे असे असू शकतात:

“रिकाम्या यादीचा विचारच केला नाहीस? इतकी साधी गोष्ट दर वेळी कशी सुटते?”

“गैरहजर मुलांचं काय? लिहायच्या आधी गरज नीट वाचत जा.”

“पायथॉन येत नसेल तर विचारत जा. `sum` नावाची गोष्ट असते.”

तिन्ही शेऱ्यांच्या मुळाशी रास्त तांत्रिक मुद्दा आहे. पण पहिल्यात भर सवयीवर आहे, दुसऱ्यात शिस्तीवर आणि तिसऱ्यात ज्ञानावर. कोड कुठे आणि कसा बिघडेल, हे एकातही सांगितलेले नाही. हे तीन शेरे एकेक करून पुन्हा लिहून पाहू.

पहिल्या शेऱ्यातला मुद्दा सर्वांत गंभीर आहे. यादी रिकामी असेल तर शेवटच्या ओळीत शून्याने भागाकार होईल आणि प्रोग्राम तिथेच थांबेल. शेऱ्यात तेवढेच लिहायचे: “`marks` रिकामी असेल तर इथे `ZeroDivisionError` येईल. आधी तपासून `None` परत द्यावे. 0 दिल्यास ती खरी सरासरी वाटेल.” यात चार गोष्टी क्रमाने आल्या: बिघाड कोणत्या परिस्थितीत होतो, काय होतो, उपाय कोणता आणि तोच उपाय का. ‘का’ सांगितले नसते, तर लिहिणाऱ्याने घाईत 0 परत देऊन काम संपवले असते आणि रिकाम्या वर्गाची सरासरी निकालात शून्य म्हणून छापली गेली असती.

दुसऱ्या शेऱ्याची गोष्ट निराळी आहे. गैरहजर विद्यार्थ्याची नोंद यादीत कशी येते, हे तपासणाऱ्यालाच नक्की माहीत नाही. अशा वेळी प्रश्न विचारणे योग्यच, पण तो खरा प्रश्न असावा: “गैरहजर विद्यार्थ्याचे गुण `None` म्हणून येतात का? येत असतील तर बेरजेत `TypeError` येईल.” ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी कोणतेही उत्तर विचारणाऱ्याला चालणार असेल, तर तो खरा प्रश्न. “असं का लिहिलं?” या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असले तरी तो बहुतेक वेळा आरोपच असतो. तपासणाऱ्याला कारण खरोखरच जाणून घ्यायचे असेल, तर काय समजले नाही ते नेमके लिहावे: “इथे लूप निवडण्याचे कारण समजले नाही, यादी फार मोठी असण्याची शक्यता आहे का?”

तिसरा मुद्दा किरकोळ आहे. लूप चुकीचा नाही; पायथॉनमध्ये त्याऐवजी एक तयार फंक्शन आहे, एवढेच. अशा शेऱ्याच्या सुरुवातीला ‘nit’ लिहिण्याची पद्धत प्रोग्रामरांमध्ये रुळलेली आहे. त्याचा अर्थ असा, की सूचना बारीक आहे आणि तिच्यासाठी मर्ज अडणार नाही. “nit: लूपऐवजी `sum(marks)` चालेल.” एवढ्यावर तो शेरा संपतो. वजन आधीच सांगितल्यामुळे बारीक सूचना आणि प्रोग्राम बंद पाडणारा दोष यांची गल्लत होत नाही. तिन्ही शेऱ्यांचा सूर सारखाच चढा असला, तर आधी काय दुरुस्त करायचे हे लिहिणाऱ्याला कळत नाही.

या तीन शेऱ्यांवर लिहिणाऱ्याने उत्तर दिले, की गैरहजरांची नोंद `None` अशीच येते आणि त्यांना सरासरीत धरायचे नाही. त्यानुसार दुरुस्त झालेला कोड असा:

```python
def average(marks):
    present = [m for m in marks if m is not None]
    if not present:
        return None
    return sum(present) / len(present)
```

यादी रिकामी असणे आणि सगळेच विद्यार्थी गैरहजर असणे, या दोन्ही परिस्थिती आता एकाच तपासणीत सांभाळल्या गेल्या. दुसऱ्या शेऱ्यात खरा प्रश्न विचारल्यामुळेच शाळेचा नियम पुढे आला. मूळ तिखट शेऱ्याला “वाचलं होतं” एवढे उत्तर आले असते आणि कोड होता तसाच राहिला असता.

हे पुनर्लेखन करताना काही युक्त्या वरवरच्या ठरतात. त्यातली पहिली म्हणजे ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’ घालणे. “तुम्ही तपासणी विसरलात” हे वाक्य आदराचे आहे, पण त्याचा विषय अजूनही माणूसच आहे. खरा फरक कर्ता आणि काळ बदलल्याने पडतो. “विसरलात” हा भूतकाळ कोणीतरी केलेली कृती सांगतो. “यादी रिकामी असेल तर त्रुटी येते” हे वाक्य कोडचे आत्ताचे वागणे सांगते. भूतकाळात झालेल्या कृतीवर वाद घालता येतो. कोडचे वागणे मात्र कोणालाही तो चालवून पडताळता येते.

केवळ कर्ता बदलणेही पुरेसे नाही. “हा कोड भयंकर आहे” या वाक्याचा कर्ता कोड आहे, पण त्यात माहिती शून्य आहे आणि घाव मात्र माणसावरच बसतो. ‘साधी’, ‘उघड’, ‘दर वेळी’, ‘पुन्हा’ असे शब्दही याच जातीचे. ते काढून टाकले तर शेऱ्यातला एकही तांत्रिक मुद्दा कमी होत नाही, उलट शेरा आखूड होतो. म्हणूनच सौम्यपणा आणि थोडक्यात लिहिणे यांत विरोध नाही. वरच्या उदाहरणातला तिसरा शेरा सुधारल्यावर आधीपेक्षा लहानच झाला.

विरोध निर्माण होतो तो अति सौम्यतेमुळे. “कदाचित माझंच चुकत असेल, पण कधी वेळ मिळाला तर रिकाम्या यादीचाही थोडा विचार करता येईल का?” असा शेरा वाचून लिहिणारा ती ऐच्छिक सूचना समजेल आणि प्रोग्राम बंद पाडणारा दोष तसाच मर्ज होईल. जे हवेच आहे त्यासाठी ‘हवे’ असेच लिहावे. दुसऱ्या टोकाला “चूक” किंवा “हे नको” असे एक-दोन शब्दांचे शेरे असतात. त्यांत परिणामही नसतो आणि उपायही नसतो, म्हणून लिहिणाऱ्याला पुन्हा विचारावे लागते आणि तपासणाऱ्याला पुन्हा लिहावे लागते. परिणाम आणि उपाय ठेवून जेवढे कापता येईल तेवढे कापावे.

काही गोष्टी मात्र शेऱ्यात बसतच नाहीत. मोकळ्या जागा आणि ओळींची मांडणी यांवर माणसाने शेरे लिहूच नयेत; पायथॉनसाठी ‘ब्लॅक’सारखी साधने ते काम आपोआप करतात आणि साधनाने सांगितलेली दुरुस्ती कोणी मनाला लावून घेत नाही. एकच दोष दहा ठिकाणी असेल तर दहा शेऱ्यांचा मारा न करता एकाच ठिकाणी लिहून “बाकी ठिकाणीही हेच” असे सांगावे. संपूर्ण रचनाच चुकीच्या दिशेने गेली असेल, तर ओळीओळीखाली लिहिण्याऐवजी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलावे आणि ठरले ते दोन ओळींत पुल रिक्वेस्टवर नोंदवावे. एखाद्याकडून तीच चूक वारंवार होत असेल, तर तो प्रश्न खरोखरच माणसाचा आहे. पण त्याची जागा खासगी बोलण्यात आहे. पुल रिक्वेस्ट साऱ्या टीमला दिसते आणि तिच्यातले शेरे वर्षानुवर्षे जपले जातात.

शेऱ्यांची भाषा बिघडत असल्याची खूण उत्तरांत दिसते. दुरुस्तीऐवजी खुलासे येऊ लागतात, एका ओळीच्या बदलावर लांबलचक चर्चा होते किंवा लिहिणारा काहीही न विचारता सगळ्याला “ठीक” म्हणू लागतो. यातले शेवटचे सर्वांत घातक, कारण तपासणाऱ्याचाही अंदाज चुकू शकतो आणि तो चुकला हे सांगणारा कोणी उरत नाही.

म्हणून शेरा पाठवण्याआधी तो एकदा वाचून पाहावा: तोच कोड टीममधल्या सर्वांत अनुभवी माणसाने लिहिला असता तर हेच वाक्य लिहिले असते का? उत्तर नकारार्थी आले, तर वाक्य माणसाबद्दल आहे. ते बदलून परिस्थिती, परिणाम आणि उपाय एवढेच ठेवावे. माणसाबद्दलचा भाग काढल्यावर सांगण्यासारखे काहीच उरत नसेल, तर तो शेरा पाठवूच नये.