पट्टी लावता येणारं चित्र

केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश वर्गात यंत्रांच्या प्रतिकृती दाखवत. व्याख्यान झालं की त्या सुट्या करून त्याच भागांतून पुढचं यंत्र जोडायचं. मदतनिसांना जोडणी कळावी म्हणून वापरलेली चित्रपद्धत त्यांनी १८२२ मध्ये मांडली. तीच आयसोमेट्रिक.

पर्स्पेक्टिव्हमध्ये रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर रेषा दूर जाऊन मिळतात आणि लांबचा दांडा आखूड दिसतो, म्हणून त्यावरून माप घेता येत नाही. आयसोमेट्रिकमध्ये त्या समांतरच राहतात. उभ्या रेषा उभ्या, आडव्या दोन्ही दिशा ३० अंशांत कललेल्या आणि तिन्हींना प्रमाण एकच. मात्र कर्णावर पट्टी लावलीत तर फसाल. चौरसाचा एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. चाकही लंबगोल होतं.

घर समजावताना मला त्याचं भावंड जास्त आवडतं. प्लॅन ४५ अंश फिरवायचा आणि त्यावरच भिंती उभ्या करायच्या. या ॲक्सोनोमेट्रिकमध्ये जमिनीवरचे काटकोन टिकतात, गोल जिना गोलच राहतो आणि छप्पर न काढल्यास सगळ्या खोल्या एकदम दिसतात. फक्त उंची अवास्तव भासते, म्हणून काही जण ती कमी करून काढतात.

दारातून आत शिरताना खोली कशी वाटेल, हे मात्र पर्स्पेक्टिव्हच दाखवतं.